दोन हातांचा चॉपर

मी वडवणीतून स्वयंपाकाच्या उपकरणांची माहिती मोबाइलवर टाकते. पोस्टच्या पहिल्याच ओळीत लिहिते, की या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं. खाली ती वस्तू कुणी घेऊ नये याची यादी देते. दोरी ओढून भाजी चिरायच्या चॉपरखाली लिहिलं होतं, मोठ्या कुटुंबाला भांडं लहान पडेल.

एका सकाळी गल्लीतल्या एका घरची सून माझ्या लिंकवरून घेतलेला तो चॉपर घेऊन आली. कडबाकुट्टीच्या यंत्रात तिचा उजवा पंजा गेला होता. स्वयंपाक जमत नसेल तर माहेरी जा, असं सासूनं बजावलं होतं.

"ताई, दोरी ओढली की भांडं घसरतंय. धरू कशानं?"

परत करायची मुदत संपली होती.

"कमिशनचं लिवलंय, ते वाचलं मी," ती म्हणाली. "दोन हात लागतेत, हे कावून न्हाई लिवलं?"

मी उजवा हात ओढणीनं कमरेला बांधला आणि शिफारस केलेली एकेक वस्तू चालवून पाहिली. बहुतेक जमल्या नाहीत. प्रत्येक पोस्टमध्ये तसं लिहिलं. वरून दाबायचा विजेचा चॉपर तेवढा जमला. माझ्याकडचाच तो घेऊन तिच्या दारात गेले, तर सासू एकटीच कांदा चिरत बसलेली.

"गेली ती माहेरी," ती म्हणाली. "आता हे बी विकायला आलाव का?"