बरणीतला लसूण

त्या वर्षी पावसाळ्यात आमच्या घरच्या लसणाला कोंब यायला लागले. सेनगावच्या पुढे, रस्त्यापासून थोडं आत आमचं शेतातलं घर. मागच्या वाफ्यातला लसूण उन्हाळ्यात काढून माळ्यावर टांगलेला होता. श्रावणात हवा दमट झाली तशा काही गड्ड्या पोकळ पडल्या, काही आतून हिरव्या झाल्या. मी तेव्हा तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. सकाळी डबा करून साडेनऊची जीप गाठायची म्हणजे लसूण सोलत बसायला वेळ नसे. फोनवर एका बाईचा व्हिडिओ पाहिला: लसूण एकदाच सोला, धुवा, बरणीत भरा, वरून तेल ओता, महिनोन्‌महिने टिकतो.

मी एका रविवारी तसंच केलं. काचेची मोठी बरणी, सोललेल्या पाकळ्या, थोडा कढीपत्ता, चार हिरव्या मिरच्या, आणि वरपर्यंत शेंगदाण्याचं तेल. झाकण घट्ट लावून बरणी ओट्याच्या फळीवर ठेवली. फ्रीज होता, पण तो लहान, आणि त्यात दुधाची पातेली. शिवाय लोणचं बाहेरच टिकतं, मग हे का टिकणार नाही, असं मला वाटलं. लोणच्यात मीठ आणि आंबटपणा असतो, माझ्या बरणीत दोन्ही नव्हतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, ती बरणी पहिल्या दिवसापासून आवडली नाही. कारण विचारलं तर सांगता येईना. सोललेला लसूण पाण्यात धुऊन तेलात बुडवलेला मी कधी पाहिला नाही, एवढंच म्हणायच्या. फोडणीला मात्र त्यातल्याच पाकळ्या घ्यायच्या, कारण माळ्यावरच्या संपत आल्या होत्या. सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांना ते तेल फार आवडलं. भाकरीवर दोन चमचे कच्चं तेल, वर दोन-तीन पाकळ्या चुरून, थोडं तिखट. एकदा आत्याबाई काहीतरी पुटपुटल्या तेव्हा त्यांनी बरणी उघडून वास घेतला आणि म्हणाले, चांगलं आहे, तेल बिघडलं की माझ्या नाकाला कळतं.

बरणी भरून तीन आठवडे झाले होते. त्याच सुमारास घरात एक वाद झाला. मी हिंगोलीत खोली घ्यायचं बोलले होते. मुलीची शाळा, माझी रोजची जीप, सगळं मांडलं. मामांनी साफ नाही म्हटलं. मीही दोन शब्द जास्त बोलले. हे सांगायचं कारण असं की पुढे ते शब्द सगळ्यांना आठवले.

वादानंतर चौथ्या दिवशी दुपारी मामांना उलटी झाली. संध्याकाळी म्हणाले, तोंड फार कोरडं पडलंय. सोयाबीनवर फवारणी चालू होती, उन्हात फिरल्यामुळे असेल असं आम्ही समजलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. ते खाटेवर बसून गोठ्याकडे बघत म्हणाले,

"म्हैस दोन-दोन दिसून राहिली मला."

आवाज नाकातून येत होता. मी जवळ गेले तर त्यांच्या दोन्ही पापण्या अर्ध्यावर उतरलेल्या. पाणी दिलं तर घोट गिळता येईना. ताप नव्हता, आणि बोलणं अडखळत असलं तरी शुद्ध अगदी साफ होती.

पहिला संशय मण्यार सापाचा. तो चावला की खूण दिसत नाही, पापण्या मिटतात, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. माझ्या नवऱ्याने त्यांचे पाय, बोटं, कानामागची जागा सगळं तपासलं. काही सापडलं नाही. तालुक्याच्या दवाखान्यात सापावरचं इंजेक्शन दिलं आणि लगेच पुढे पाठवलं. हिंगोलीवरून नांदेडला पोचेपर्यंत त्यांची मान सावरेना. तिथे घशात नळी घालून श्वासाच्या मशीनवर ठेवलं.

मग दुसरा संशय आला, फवारणीच्या औषधाचा. विषाची शंका म्हटल्यावर पोलीस आले. एक हवालदार बाकावर बसून शांतपणे प्रत्येकाला वेगवेगळं विचारत होता. घरात औषधाचे डबे कुठे ठेवता, शेवटचं जेवण कोणी वाढलं, घरात काही तंटा आहे का. माझी पाळी आली तेव्हा त्याने तंट्याचा प्रश्न दोनदा विचारला. त्यावरून मला कळलं की माझ्या आधी कोणीतरी काहीतरी सांगून गेलंय. मी वळून पाहिलं तर आत्याबाई भिंतीकडे बघत होत्या. नात्यातल्या दोन बायका भेटायला आल्या, त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. नवरासुद्धा त्या दिवशी माझ्याशी कामापुरतंच बोलला. मी त्याला दोष दिला नाही. त्याच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

दुपारी आत्याबाईंनी मला जिन्यात गाठलं.

"त्यायच्या ताटात काय घातलं तू?"

त्या ओरडल्या नाहीत. त्यामुळेच ते जास्त लागलं. मी म्हटलं, आपण सगळ्यांनी एकाच भांड्यातलं खाल्लं. त्या म्हणाल्या, तेच तर. मग आम्हाला काहून काही झालं न्हाई?

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. खरंच, सगळ्यांनी तीच भाजी, तीच भाकरी, तेच वरण खाल्लं होतं.

तिसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरबाईंनी आम्हाला सगळ्यांना बसवलं. त्यांनी सांगितलं की फवारणीचं विष असतं तर तोंडाला लाळ सुटली असती, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असत्या. यांचं तोंड कोरडं आहे आणि बाहुल्या मोठ्या. सापाचं औषध देऊनही फरक नाही, आणि अशक्तपणा डोळ्यांपासून सुरू होऊन गळा, मान, हात असा खाली उतरत गेलाय. मग त्यांनी विचारलं, गेल्या आठवड्यात डबाबंद, बरणीबंद किंवा तेलात ठेवलेलं काही यांनी खाल्लं का.

बरणी माझ्या डोळ्यांसमोर आली. ती बरणी मी भरली होती. माझ्यावर आधीच संशय होता, आणि आता मीच त्याला पुरावा देणार होते. आत्याबाई म्हणाल्या, लसणाचं तेल आहे, पण ते आम्ही सगळेच खातो. डॉक्टरबाई वहीत लिहायच्या थांबल्या. त्या पुढच्या प्रश्नाकडे वळणार असं दिसल्यावर मी बोलले.

"आम्ही फोडणीत खातो. कच्चं फक्त मामा खातात."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. किती दिवसांची बरणी, फ्रीजमध्ये होती का, लिंबू किंवा व्हिनेगर घातलं होतं का, एकेक विचारलं. मग सोप्या शब्दांत सांगितलं. लसूण मातीतून येतो, त्याच्यासोबत एका जंतूचं बी येतं. धुतल्याने ते जात नाही, साध्या उकळीनेही मरत नाही. हवेत ते निजून असतं. तेलाखाली हवा पोचत नाही, लसणाला ओल असते, आंबटपणा नसतो, आणि बरणी उबेत असली की ते बी जागं होतं आणि विष तयार करतं. त्या आजाराचं नाव बॉट्युलिझम. ते विष चांगलं तापवलं तर नष्ट होतं, म्हणून फोडणीने तुम्ही वाचलात. कच्चं खाणाऱ्याला ते भोवलं असावं.

"पण त्यायनं वास घेतला होता," आत्याबाई म्हणाल्या.

"याला वास येतोच असं नाही, आजी. चवही बदलत नाही. चाखून बघायचं तर अजिबातच नाही."

नवरा बरणी आणायला घरी गेला. त्याला मी फोनवर तीनदा बजावलं की झाकण उघडू नकोस, हातमोजे घाल, दोन पिशव्यांत बांध. बरणी तपासणीला गेली. या विषावरचं खास औषध सहजी मिळत नाही असं डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं. त्यांनी बरीच खटपट केली, पण ते वेळेत आलं नाही. मशीन आणि दिवस, एवढाच उपाय उरला.

मामांना सगळं ऐकू येत होतं, समजत होतं, फक्त पापणी उचलता येत नव्हती. आत्याबाई बोटांनी त्यांच्या पापण्या वर धरायच्या, म्हणजे ते आम्हाला बघू शकायचे. पाचव्या आठवड्यात त्यांनी स्वतः डोळे उघडले. मशीन हळूहळू कमी केली. दिवाळीनंतर ते घरी आले, हाताला धरून चालत. पुढचे कित्येक महिने जिना चढताना धाप लागायची.

बरणीचा अहवाल आम्हाला कधी मिळाला नाही. नमुना कुठे अडकला, तपासला तरी का, कळलं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या की लक्षणांवरून त्यांना फारशी शंका नाही, पण कागदावर आमच्याकडे काहीच नव्हतं. त्यामुळे गावात संशय पूर्ण मिटला नाही. अजूनही कोणी विचारतं, नेमकं काय झालं होतं हो, आणि विचारताना माझ्याकडे बघतं.

सुट्टी देताना डॉक्टरबाईंनी सांगितलं ते मी एका कागदावर लिहून ओट्यावर चिकटवलं होतं. लसूण, मिरची, कोथिंबीर, पुदिना, तेलात बुडवायचंच असेल तर थोडं करा, लगेच फ्रीजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा, उरलं तर फेका. जास्त ठेवायचं तर बर्फाच्या खणात गोठवा आणि लागेल तेवढंच काढा. विकत मिळतं त्यात मोजून आंबटपणा घातलेला असतो, घरी अंदाजाने लिंबू पिळून तो भरवसा येत नाही. आमच्याकडे वीज तासन्‌तास जाते, म्हणून मी फ्रीजवरही विसंबत नाही. गड्ड्या कोरड्या, वारा लागेल अशा टांगते. कोंब यायला लागले की चकत्या करून उन्हात कडकडीत वाळवते आणि तशाच कोरड्या डब्यात भरते, तेलाशिवाय. कचेरीतल्या बायकांना सांगितलं तर अर्ध्या जणींच्या घरी तशाच बरण्या निघाल्या. एक म्हणाली, आमच्यात तर कोणाला काही झालं नाही. मी म्हटलं, आमच्यातही तीन आठवडे झालं नव्हतं.

हिंगोलीला आम्ही गेलो नाही. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात एका दुपारी आत्याबाई आणि मी ओसरीवर लसूण निवडत बसलो होतो. मामा आत झोपले होते. हात न थांबवता त्या म्हणाल्या,

"म्या त्या हवालदाराला तुझं नाव सांगितलं होतं."

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं नाही. चांगल्या गड्ड्यांची टोपली माझ्याकडे सरकवली, आणि आम्ही जुड्या बांधायला घेतल्या.