जावयाने वायर ओढली त्याची गोष्ट

…तर वायर ओढली इथवर आलो होतो. संगणक बंद करायचं बटण जावयाने शोधलंच नाही. सरळ भिंतीतला प्लग उपटला, आणि काळ्या पडद्यासमोर तो हातात वायर धरून उभा राहिला, शेपूट हाती आलं आणि म्हैस पळाली अशा चेहऱ्याने.

सासरे बूट बनवणारे. साधे नव्हेत, ज्यांचा एक पाय आखूड, टाच वाकडी, बोटं जुळलेली, त्यांच्यासाठी. सतरा वर्षांत सहाशे माणसांच्या पावलांची मापं आणि आराखडे त्यांनी संगणकात भरले होते. त्यातले कितीतरी जण आता पुन्हा माप द्यायला दुकानापर्यंत येऊ शकत नाहीत. त्यांचे बूट त्या मापांवरच होतात. मापं गेली तर त्यांची पावलंही घरातच.

संगणक रडतखडत चालायला लागला, तेव्हा जावई म्हणाला, "मामा, नवी सिस्टीम टाकतो. अर्ध्या तासाचं काम."

"टाका. पण दुसऱ्या भागाला हात लावू नका. माझी मापं तिथे आहेत," सासऱ्यांनी बजावलं.

डिस्कचे दोन भाग होते, अगदी सारखे. सासऱ्यांचाच हट्ट तो. जोडी म्हणजे जोडी. पण पडद्यावर आले तीन. सिस्टीमने स्वतःसाठी राखलेला एक चिमुकला तुकडा 'एक' होऊन बसला होता. त्यामुळे सिस्टीमचा झाला 'दोन' आणि मापांचा 'तीन'. नाव कुणालाच नाही, नुसते आकडे. आज्ञाधारक जावयाने 'दोन' जिवापाड जपला आणि 'तीन' उडवला. मग नजर गेली रिकाम्या जागेच्या रकान्यावर. उरलेला भाग काठोकाठ भरलेला! मापांना जागा लागे थोडकीच; भरून भरून रडतखडत चालत होती ती सिस्टीम. म्हणजे उडाली ती मापं.

तिथेच प्लग उपटला.

दुरुस्तीचं दुकान पुढच्या वळणावर. तिथल्या बाईंना सगळे थांबाताई म्हणत, कारण फोन उचलला की "हॅलो"च्या आधी "थांबा!" नवऱ्याच्या घड्याळांच्या दुकानात अर्धं टेबल मागून त्यांनी सुरुवात केली होती. मेलेले संगणक उघडून उघडून शिकल्या. पहिल्याच वर्षी एका गिऱ्हाइकाच्या हरवलेल्या फायली शोधल्या आणि सापडल्या तशा त्याच डिस्कवर उतरवल्या. ज्या अजून सापडायच्या होत्या, त्यांच्यावरच या सापडलेल्या फायली जाऊन बसल्या. तेव्हापासून हा "थांबा".

डिस्क काढून पिशवीत घालून सासरे-जावई तिथे पोचले. सासऱ्यांचं तोंड वाटभर चालूच. "शिकलेला जावई केला! अर्ध्या तासात सतरा वर्षं उडवली!"

थांबाताईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. जावयाला विचारलं, "उडवल्यावर काय केलंत? खरं सांगा. डॉक्टरशी आणि माझ्याशी खोटं बोललात तर नुकसान तुमचंच."

"काही नाही. वायर ओढली."

"नवा भाग केला? फॉरमॅट? सिस्टीम टाकायला लागलात?"

"नाही हो ताई. घाबरलो."

"छान घाबरलात," ताई म्हणाल्या. सासऱ्यांचं तोंड मिटलं. "भाग उडवला म्हणजे अनुक्रमणिकेतली ओळ खोडली. पानं जागेवर आहेत. वरवरचं फॉरमॅट झालं असतं, तरी बरंचसं मिळालं असतं. पण नवी सिस्टीम ज्यावर लिहिली गेली असती, ते देवालाही वाचता आलं नसतं. शिवाय तुमची डिस्क जुनी, फिरणारी. नव्या बिनफिरत्या असतात ना, त्या पुसलेली जागा मागाहून आपल्या आपण साफ करून टाकतात."

"म्हणजे मिळेल?" सासऱ्यांनी चाचरत विचारलं.

"नव्वद टक्के. दहा मी स्वतःकडे ठेवते."

मूळ डिस्कवर त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. आधी तिची कणाकणाने नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवली. त्यात दुपार झाली. सासरे बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या टाचा बघत होते. मग ताईंनी संगणकाला नकलेवर हरवलेल्या भागाची सुरुवात शोधायला लावली. पडद्यावरची पट्टी सरकत गेली, थांबली, आणि खाली एकेक नाव उमटू लागलं. ताईंनी नावांवर विश्वास ठेवला नाही. मधलीच एक फाईल उघडली. डावं पाऊल, टाचेखाली अडीच बोटं उंची.

"ही शाळेतल्या बाईंची!" सासरे ओरडले. जावयाने सकाळपासून पहिल्यांदा पाठ टेकली.

सहाशेच्या सहाशे निघाली. ताईंनी ती एका वेगळ्या डिस्कवर उतरवली आणि आणखी एक प्रत लेक-जावयाच्या घरी ठेवायला बजावलं. सासऱ्यांचा जीव भांड्यात पडला, तशी जीभही परत आली.

"आता आमची डिस्क नीट करून द्या. दोन भाग, अगदी सारखे. जोडी जमली पाहिजे."

थांबाताईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "दादा, माणसाचे दोन पाय कधी सारखे नसतात, हे सतरा वर्षं तुम्हीच गावाला सांगताय. मग डिस्कवरच हा हट्ट कशाला? एक भाग लहान करते, एक मोठा, आणि दोघांना नावं देते. आणि जावयाला एक जोड बूट शिवा, वायर त्यांनी ओढली म्हणून तुमचं दुकान उभं आहे."