ओवीचं पहिलं दिवाळी कार्ड

पत्रकार निवृत्त झाला की त्याचे किस्से संपतात, हा गैरसमज आहे. उलट ते साचत जातात, कारण ऐकायला कोणी उरत नाही! माझे हल्लीचे सगळे किस्से व्हिडिओ कॉलवरचे. नात ओवी पहिलीत, नाशिकला. मी भिवंडीत, एकटा. खालचे यंत्रमाग बंद पडल्यापासून घरात फोनचाच काय तो आवाज.

*

शाळेने आजी-आजोबांसाठी दिवाळी कार्ड करायला सांगितलं. मुलगा नितीन आणि सूनबाई कामात, म्हणून मदतीला मी. आणि कार्ड कोणाला? मलाच!

"आजोबा, मदत करा, पण ऐकू नका हां! सरप्राइज आहे!"

कानांवर हात ठेवून मी सूचना दिल्या. कागद दुमड. कोपऱ्यावर कोपरा आण. आता नखाने घडी दाब.

*

बाईंनी फळ्यावर वाक्य दिलं होतं, 'दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.' माझं डोकंच फिरलं. सहा वर्षांची पोर असं बोलते कधी?

"ही प्रेसनोट आहे! मी जन्मात एकही जशीच्या तशी छापली नाही. तुला काय सांगायचंय?"

"मी किल्ला केला. त्यात मांजर झोपलं."

"ही बातमी! बोललीस तेच लिही!"

एकेक शब्द मोठ्याने म्हणत, दोन शब्दांत बोटभर जागा सोडत, पेन्सिलीने तिने सहा शब्द लिहिले. अक्षरं वाकडी झाली, मी खोडू दिली नाहीत. मग हात दुखला. म्हटलं, उरलेलं चित्रात सांग.

*

"आजीला कुठे काढू? ती फोटोत असते ना?"

मी म्हणालो, "मग फोटोतच काढ."

"हार पण?"

"हार नको."

"बरं. हातात लाडू देते."

*

दिवाळी तोंडावर आली, तरी नितीनची सुटी पक्की होईना. मी हळूच सुचवलं, "ओवी, 'आम्ही येतो' असं लिहायचं का?"

मागून नितीन ओरडला, "बाबा, तिच्या तोंडी शब्द घालू नका! दुसऱ्यांना याच्यावरूनच झापायचात ना?"

मी पुन्हा कानांवर हात ठेवले. ओवीने ते लिहिलं नाही.

*

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी शेजारचा सलीम पाकीट घेऊन वर आला. "चाचा, लाइट का बिल नहीं, चिट्ठी है!"

कार्डावर पणती. आत किल्ला, मांजर, लाडूवाली आजी. मागच्या पानावर माझं घर, दाराला भलंमोठं काळं कुलूप. मी कुठेच नाही!

तडक नितीनला फोन लावला. "मला काढूनच टाकलंत? जिवंत आहे मी अजून!"

ओवीने फोन ओढून घेतला. "आजोबा, ते तुमचं घर आहे."

"दिसतंय! कुलूप कशाला?"

"अहो, तुम्ही दिवाळीला आमच्याकडे आलात ना!"