वहिनीची बोटं आणि तीन तोंडांची केबल

आमच्या मोबाइलच्या दुकानात पुढचं काउंटर माझं, आतलं टेबल वहिनीचं. मी कव्हरं आणि केबली विकतो, ती फोन उघडते. आधी ती कपडे शिवायची. दादाने तिला सोल्डरिंग शिकवलं आणि थोड्याच दिवसांत दादाच तिला विचारून काम करू लागला. ती कामाला बसली की मी गिऱ्हाईक सोडून बघत राहतो.

एकदा एक टॅक्सीवाला रडकुंडीला येऊन उभा राहिला.

"ताई, बॅटरी बदला. चार्जिंगला लावूनही फोन उतरतो. नकाशा चालू असताना दोनदा बंद पडला. आता पुन्हा झालं तर कंपनी मला काढणार."

"गाडीतली केबल आणा," वहिनी म्हणाली.

त्याने आणली. गोल डबीतून ओढायची, सोडली की सर्रकन आत जाणारी, तीन तोंडांची. माझ्याच काउंटरवरची. मी लगेच छाती फुगवली. "भारी माल आहे, वहिनी. एकात तीन!"

"भाऊजी, गप्प बसा जरा." मग त्याला म्हणाली, "दुसरं तोंड कोण वापरतं?"

"मागे बसलेला पॅसेंजर."

तिने केबल चार्जरला जोडली, फोनकडच्या टोकाला छोटं मीटर लावलं आणि त्यात फोन. "तिकडून पाच व्होल्ट निघतात, इथे जेमतेम सव्वाचार पोचतात. बाकीचे या बारीक तारेतच जिरतात, म्हणून डबी तापते. फोनला हे कळतं आणि तो वीज घेणंच कमी करतो. त्यात पॅसेंजरचा वाटा. नकाशा खातो तेवढंही आत येत नाही."

"मग जाड तार का घालत नाहीत?" मी विचारलं.

"डबीत गुंडाळणार कशी?"

मग तिने केबल काढून चिमटीतून सावकाश ओढली, शिवणीतला सुटलेला टाका शोधावा तशी. डबीच्या तोंडाशी बोटं थांबली. "इथे मऊ लागतंय. रोज ओढून इथेच वाकते."

तिथे तिने वरचं आवरण सोललं आणि भिंग माझ्या हातात दिलं. आत केसाहून बारीक तांब्याच्या तारा. बऱ्याचशा तुटलेल्या, चारपाच कशाबशा धरून होत्या. वरून केबल नवी कोरी दिसत होती!

टॅक्सीवाल्याने भिंगातून बराच वेळ पाहिलं. "एवढ्याशावर माझं घर चाललं होतं?"

वहिनीने बॅटरीला हातच लावला नाही. एक आखूड, जाड, एकाच तोंडाची केबल लावून तिने नकाशा चालू केला. टक्के चढू लागले. बारा. तेरा. चौदा झाले तरी टॅक्सीवाला हलेना. त्याने दोन्ही हात काउंटरवर टेकले होते.

"जा आता भाऊ," वहिनी हळूच म्हणाली, "पॅसेंजर वाट बघत असतील."