शिवणबाईंचा गोरेपणा

मी शिकवत होते त्या रत्नागिरीच्या मुलींच्या शाळेत शिवणबाई आल्या तेव्हा माझ्याइतक्याच सावळ्या होत्या. पुढे एका पावसाळ्यापासून शिमग्यापर्यंत त्या गोऱ्या होत गेल्या आणि मी जळत गेले. त्यांचं वय पस्तिशीचं, आणि कांती अशी निवळत चाललेली. मी मात्र चेहऱ्याला साय चोळून थकले होते.

त्यात रोज काळी चंद्रकळा. "तुम्हांला शोभते म्हणून नेसता," असं मी एकदा बोलले. त्या हसून म्हणाल्या, "काळ्यावर काही दिसत नाही गो, इंदू." मला वाटलं, खडूची धूळ म्हणतायत.

खडू तर त्या खायच्या. वर्गात तुकडा मोडून तोंडात टाकायच्या. जिना चढताना मध्येच बसायच्या, छातीवर हात ठेवून म्हणायच्या, "वारा खात्ये जरा." मुख्याध्यापिकांनी त्यांना तळमजल्यावरचा वर्ग दिला, माझा वर्ग काढून. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

शिमग्यानंतर एका सकाळी मुलींना झंपराचा मुंढा कापून दाखवताना त्या कात्रीसकट खाली कोसळल्या. उचलायला मी धावले. हात बर्फासारखे, ओठ पांढरे. चंद्रकळा मागून चिंब भिजली होती, आणि माझा तळवा लाल झाला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांची खालची पापणी ओढली. आत लाली नावाला नव्हती. नखं पांढरी, वाटीसारखी खोल गेलेली. पोट चाचपून त्या म्हणाल्या, "गर्भाशयात गाठ आहे. किती दिवस अंगावरून जातंय?"

"महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस. रक्ताच्या गुठळ्या पडतात."

"आणि सांगितलं नाहीत?"

शिवणबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "चार दिवस बाजूला बसत्ये, पाचव्या दिवशी न्हात्ये. पुढचं सांगितलं तर पंधरा दिवस बसवतील. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, सोवळ्यात रांधायचं कोणी? त्या हातांनी देवाचा नैवेद्य केलाय गो मी."

"हा गोरेपणा नव्हे," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या. "अंगात रक्त उरलेलं नाही. खडू खावासा वाटतो तोही त्यामुळेच." जिन्यावरचा वारा मला आठवला. माझी मलाच लाज वाटली.

खाटेचा पायथा विटा लावून उंच केला. रक्त आवरायचं औषध सुरू झालं, आणि दात काळे पडू नयेत म्हणून नळीने प्यायचं लोहाचं. रक्त थोडं भरल्याशिवाय शस्त्रक्रिया झेपणार नव्हती. दोन महिने त्यांच्या सासूबाईंचं रांधणं मी केलं. मग त्या बोटीने मुंबईला गेल्या आणि तिथे गाठीसकट गर्भाशय काढलं.

दिवाळीनंतर परतल्या त्या पूर्वीसारख्या सावळ्या होऊन, पांढरं लुगडं नेसून, जिना एका दमात चढत. "आता बाजूला बसणं कायमचं संपलं," म्हणाल्या. मला पुन्हा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू?

आता त्या नाहीत. पण एखादी मुलगी गोरी होत चालली असं कानावर आलं, की मी आधी तिची खालची पापणी ओढून बघते. हेवा करायला पुढे पुष्कळ वेळ असतो.