एंदाहने आखलेली वेतनश्रेणी

जावातल्या आमच्या स्लावी गावच्या चहा कारखान्यात पगार ठरायचा मालक को बुंतोरोंच्या मर्जीने; 'को' म्हणजे दादा, सगळे त्यांना तसंच म्हणायचे. ईदच्या आधी मालक एकेकाला आत बोलावायचे, घरचं विचारायचे आणि पगार वाढवायचे. पोरीचं लग्न असेल त्याला जास्त, गप्प बसणाऱ्याला कमी. गोदाम सांभाळणारी मी, मुर्नी, तोंडाची फटकळ, म्हणून माझं बरं चाललं होतं.

मग कंपनीची नियमावली मंजूर करून घ्यायची वेळ आली. कामगार खात्यातला माणूस म्हणाला, आधी वेतनश्रेणी दाखवा. मालकांनी ते काम एंदाहच्या गळ्यात मारलं. कामगारांचं सगळं तीच बघायची, हजेरीपासून बाळंतपणाच्या रजेपर्यंत.

ही मुलगी मुळातच चुळबुळी. त्या महिन्यात तर एका जागी बसेना. चहात मोगरा मिसळणाऱ्या बायकांपाशी जाऊन उभी राहायची, भट्टीपाशी घाम गाळायची. प्रत्येक कामाला गुण: कौशल्याचे, जबाबदारीचे, कष्टाचे, जागा किती त्रासाची त्याचे. गुणांवरून पाच श्रेण्या झाल्या. प्रत्येकीला खालचा आकडा, वरचा आकडा. सर्वात खालचा आकडा जिल्ह्याच्या किमान वेतनाखाली जाऊ द्यायचा नाही.

"गुण खुर्चीला द्यायचे, बू मुर्नी. बसणाऱ्याला नाही," ती मला बजावायची. वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे 'बू' म्हणतात.

"आणि बसणारा तीस वर्षं बसला असेल तर?"

"तर तो श्रेणीत वर सरकेल. पण श्रेणीच्या बाहेर कसा जाईल?"

बोलता बोलता ती थांबली. कोणाचं नाव आमच्या दोघींच्या मनात आलं ते सांगायची गरज नव्हती. ट्रकचालक तारमुदी. चालकाची श्रेणी खालून दुसरी, वरचा आकडा महिन्याला बत्तीस लाख रुपिया; आमच्याकडे साधा पगारही लाखांतच मोजतात. तारमुदींचा पगार एकेचाळीस लाख. मोगऱ्याचं प्रमाण ठरवणारी तुरिनाह चौथ्या श्रेणीत, आणि तिला मिळत होते तीस, तिच्या श्रेणीच्या खालच्या आकड्याहूनही कमी.

एंदाहचे वडील ती शाळेत असताना गेले. तारमुदींनीच तिला ट्रकमध्ये शेजारी बसवून सेमारंगच्या कॉलेजला पोचवलं होतं. वडिलांच्या थोरल्या भावाला म्हणतात तसं ती त्यांना 'पाक दे' म्हणते.

मालकांना कळलं तेव्हा ते हसले. "अगं, त्यांच्यासाठी एक 'वरिष्ठ चालक' काढ. टाक चौथ्या श्रेणीत. कोण विचारतंय?"

"तुरिनाह विचारेल, को. तिने विचारलं नाही तरी मला दिसेल."

मला तिचा राग आला. म्हटलं, "एवढी कसली सत्यवादी लागून गेलीस? स्वतःच्या माणसासाठी एक ओळ वाढवता येत नाही?"

"एक ओळ वाढवली की बाकीच्या सगळ्या खोट्या पडतात, बू."

तिने तुरिनाहचा पगार चौथ्या श्रेणीत आणून सोडला. तारमुदींचा मात्र कमी करता येत नव्हता. कायद्याने बंदी. एकच वाट उरली: पगार आहे तिथेच गोठवायचा आणि श्रेणीचा वरचा आकडा त्याला गाठेपर्यंत वाढ नाही. आणि ज्याची श्रेणी त्याला समोर बसवून सांगायची, हाही नियमच.

तारमुदींची पाळी आली तेव्हा तिने मला थांबायला सांगितलं. तिने मातीच्या किटलीतून चहा ओतला. कपात टाकायची खडीसाखर बशीत पडली. तिने सगळं नीट सांगितलं, एकही आकडा न लपवता. पगारातला रुपियाही जाणार नाही, हे दोनदा सांगितलं.

म्हाताऱ्याने कागदावरच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"बत्तीस म्हणजे चांगल्यात चांगल्या चालकाचे?"

"हो, पाक दे."

"मग वरचे नऊ लाख कशाचे?"

एंदाहने किटली बाजूला सरकवली.

"बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा को म्हणाले, घे, तुझा हक्क आहे. पोराच्या फीच्या वेळीही तेच म्हणाले." त्यांनी चष्मा काढला. "मी सगळ्यांना सांगत फिरलो गं. म्हणायचो, या रस्त्यावर माझ्याइतका पगार कोणत्याच चालकाला नाही, कारण माझ्यासारखा चालवणारा नाही."

मला वाटलं, एंदाह आता तरी एक गोड खोटं बोलेल. मी मनातल्या मनात तिला बोल, बोल म्हणत होते.

"तुम्ही उत्तम चालवता," ती म्हणाली. "त्याचे बत्तीस."

तारमुदी उठले. दारापर्यंत गेले, मागे वळले. आवाज अगदी साधा होता.

"मग बत्तीसच लिही, पोरी. ते नऊ नकोत मला."

"नाही लिहिता येत, पाक दे. कमी करायला कायद्याची बंदी आहे."

"म्हणजे परतही करता येत नाहीत?"