कोरा हात

राहात्याच्या बाजारपेठेत मच्छिंद्रशेठचा फोटो स्टुडिओ होता. गिऱ्हाइकाला पुढे शेठ दिसायचे, कॅमेरा दिसायचा आणि भिंतीवर रंगवलेला ताजमहाल दिसायचा. मागच्या खोलीत खिडकीला पाठ लावून बसलेला विल्सन कुणालाच दिसायचा नाही. पण राहात्यातल्या निम्म्या नवऱ्या त्याच्या पेन्सिलीमुळे उजवल्या होत्या, हे शेठ पक्कं जाणून होते. देवीचे व्रण, चामखीळ, डोळ्याखालचं काळं, विल्सनच्या हाताखालून काही म्हणून सुटत नसे.

बावीस वर्षं तो तिथं बसला होता. समोर उतरतं लाकडी मेज, त्यात धुरकट काच, काचेखाली आरसा. आरशातून उजेड वर यायचा आणि काचेवर ठेवलेली निगेटिव्ह उजळायची. दिवसभर त्या उजेडात बघून त्याच्या डोळ्यांची वाट लागली होती. कधीतरी आपणही कॅमेऱ्यामागे उभं राहावं, असं त्याला तरुणपणी वाटायचं. शेठ म्हणायचे, "तू उठलास तर हे काम कोण करील?" कौतुकानंच माणूस असा अडकतो. पायात बेडी असती तर निदान तोडता तरी आली असती.

एकाहत्तर सालच्या माघात पुंजाराम आपल्या राहीबाईला घेऊन आला. कोल्हारच्या स्थळानं मुलीचा फोटो मागितला होता. राहीबाई खुर्चीवर बसली, हात मांडीवर ठेवले. फोटो निघाला आणि डाव्या हातावरचं गोंदणही निघालं. मनगटापासून चार बोटं वर, विटून हिरवट झालेली तीन अक्षरं होती, कानिफ. नऊ वर्षांची असताना आत्याच्या मुलाशी तिचं ठरलं होतं, तेव्हा आत्यानंच जत्रेत हौसेनं गोंदवून घेतलं होतं. पुढे कानिफ नोकरीला लागला आणि त्यानं लग्न दुसरीकडेच केलं. तो सुटला. नाव मात्र पोरीच्या हातावर राहिलं.

"विल्सनराव, तेवढं घालवा," पुंजाराम हात जोडून म्हणाला. "हिच्या पाठीवर आनखी दोघी हायत."

काम अवघड होतं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. गडद गोंदण तिथं पारदर्शक दिसतं, आणि त्या जागी पेन्सिलीनं घनपणा भरावा लागतो, म्हणजे छापताना तिथून कमी उजेड जातो आणि अक्षर कागदावर उमटत नाही. विल्सननं आधी निगेटिव्हवर पेन्सिल चिकटून राहावी म्हणून राळेचं वार्निश पुसटसं चोळलं. कडक पेन्सिलीचं टोक काचकागदावर सुईसारखं केलं. मग भिंगातून बघत ठिपका ठिपका भरत गेला. दुसऱ्या दिवशी अक्षरं गेली, पण नमुना छापून बघितला तर हातावर चुन्याचं पोतेरं फिरवल्यासारखा सपाट पट्टा दिसत होता. कातडी अशी नसते. कातडीला रंध्रं असतात, बारीक रेघा असतात, ती एका कडेला उजळ आणि दुसऱ्या कडेला सावळी होत जाते.

त्यानं पट्टा पुसला आणि पुन्हा सुरुवात केली. या खेपेला नमुन्यातला राहीबाईचा उजवा हात समोर ठेवला. तिथं रंध्रं कशी विरळ होत जातात ते बघायचं आणि तसेच ठिपके डावीकडे द्यायचे, मध्ये मध्ये मुद्दाम जागा सोडायची. पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी नमुना छापला, तेव्हा तो स्वतःच चकित झाला. गोंदण कुठं होतं ते त्यालाही सापडेना. बावीस वर्षांत असा हात त्याच्याकडून झाला नव्हता. त्यानं एक प्रत मेजाच्या वर टाचणीनं लावली. येताजाता तिच्याकडे बघायचा आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचा.

पंधरा दिवसांनी, गुरुवारी, पुंजाराम पेढे घेऊन आला. कोल्हारकरांनी होकार दिला होता.

"आता हात तेवढा फोटोवानी करायचा राह्यला," तो म्हणाला. "बिब्बा लावतो. वरची कातडी जळाली की नाव बी जाईल."

विल्सनच्या हातातला पेढा तसाच राहिला. "अरे, बिब्बा उतला तर हात सडेल पोरीचा!"

"फोटोत गेलं न्हवं? मग हातावरनं का जानार न्हाई? हळदीला हात उघडा पडंल, विल्सनराव. खोटं बोललो म्हनून वरात परत गेली तर मी तोंड कुठं लपवू?" पुंजारामचे डोळे भरून आले होते. तो काही राक्षस नव्हता. विल्सननं बांधलेल्या खोट्यात तोही कोंडला गेला होता.

उपाय विल्सनला ठाऊक होता. टर्पेंटाईनचा बोळा फिरवला की वार्निशसकट पेन्सिल निघते. खरा हात छापायचा आणि कोल्हारला नेऊन दाखवायचा. स्थळ मोडलं तर मोडो, हात तर वाचेल. त्यानं हे बोलून दाखवलं तसे शेठ कडाडले, "गिऱ्हाइकाचं गुपित फोडशील तर उद्यापासून येऊ नकोस!" विल्सन घाबरला, हे खरंच. पण शेठची भीती ही निम्मीच गोष्ट होती. शुक्रवारी त्यानं बोळा भिजवला, निगेटिव्हवर धरला आणि खाली ठेवला. एवढं सुंदर काम पुसवेना. शनिवारीही तेच झालं. रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकले तेव्हा त्याला प्रार्थना सुचेना, राहीबाईचा हात दिसायला लागला. सोमवारी सकाळी शेठ येण्याआधी त्यानं एका दमात बोळा फिरवला. कानिफ पुन्हा उजळला. प्रत छापली, वाळवली आणि त्यानं कोल्हारची एसटी पकडली.

नवऱ्या मुलाची आई बनुबाई ओसरीवर शेंगा फोडत होती. मुलगा गोरक्ष शेजारीच उभा होता. विल्सननं फोटो पुढे केला आणि सगळं सांगून टाकलं.

बनुबाईनं फोटो लांब धरून बघितला. "एवढ्यासाठी आलात व्हय? आमाला ठावं हुतं. पाव्हन्यारावळ्यांत असलं लपतंय का? पोरीचा काय दोस? मीच गोरक्षला म्हनलं, बाप झाकतोय तर झाकू दे, लग्नानंतर पोरीला सांगू."

विल्सनला एकदम हलकं वाटलं. पाणीही न पिता तो निघाला आणि मिळेल त्या गाडीनं पुंजारामच्या मळ्यात पोचला.

राहीबाई खाटेवर होती. डावा हात कोपरापर्यंत सुजला होता, त्यावर फोड टरारले होते आणि वर हळद-तेल चोपडलेलं होतं. पुंजाराम उंबऱ्यात डोकं धरून बसला होता.

"कधी लावलंस?" विल्सननं विचारलं.

"काल सांच्याला," पुंजाराम म्हणाला.

विल्सननं मनात दिवस मोजले आणि त्याला स्वतःची किळस आली.

कोल्हारकरांना सगळं आधीच ठाऊक होतं म्हटल्यावर शेठनीही ते प्रकरण सोडून दिलं. लग्न वैशाखात झालं. जोडप्याचा फोटो काढायला दोघं स्टुडिओत आली. राहीबाईच्या हातावर सुरकुतलेला काळपट डाग होता आणि त्या डागाखालून तिन्ही अक्षरं अजून वाचता येत होती. बिब्ब्यानं वरची कातडी गेली होती, गोंदणाची सुई मात्र खोल गेली होती. शेठनी मागच्या खोलीकडे बघून हाक मारली, "विल्सन, हात तेवढा नीट करायचाय रे!"

तो दारात येऊन उभा राहिला. राहीबाईनं पदराखालचा हात बाहेर काढला आणि मांडीवर पुढेच ठेवला.

"राहू द्या, काका," ती म्हणाली. "तुमी फोटोतलं घालवलं की लोकांना ते खरंच गेलं वाटतं."